कुंपणानं शेत खाऊ नये म्हणून: ऑप-अँपच्या इनपुटचं संरक्षण आणि डायोडची गळती

दादरला माझ्या मावसभावाचं शोभेच्या माशांचं दुकान आहे. त्याला टाक्यांमधल्या पाण्याचा पीएच सतत बघायचा होता, म्हणून मी त्याला एक छोटा बोर्ड करून दिला. काचेच्या पीएच प्रोबची वायर बीएनसी सॉकेटला, तिथून सरळ MCP6002 या ऑप-अँपच्या इनपुटला, आणि आउटपुट मीटरला. इनपुटवर कसलंही संरक्षण नव्हतं. फेब्रुवारीत, हवा कोरडी असताना, त्यानं तो बोर्ड घरी नेला. एसीच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठला, प्रोबची वायर हातात घेतली, बीएनसीच्या मधल्या पिनला बोट लागलं आणि "टिक्" असा बारीक आवाज आला. "दादा, मीटर काहीही दाखवतंय," असा फोन रात्री साडेदहाला.

मी चिप बदलली आणि शहाणपणा करून इनपुटवर दोन डायोड लावले. चिप त्यानंतर मेली नाही, पण पीएच ७ च्या बफर द्रावणात प्रोब बुडवला की मीटर ८ च्या आसपास दाखवायला लागलं, आणि दुकानातली ट्यूबलाइट लावली-विझवली की आकडा हलायचा. चिपची राखण करायला ठेवलेले डायोडच मोजमाप खात होते.

हा लेख त्या दुसऱ्या चुकीबद्दल जास्त आहे. संरक्षण कसं लावायचं हे सोपं आहे. लावलेलं संरक्षण काय किंमत वसूल करतं हे पहिल्या वेळी कळत नाही.

आधी डेटाशीटमधले दोन आकडे बघा

ऑप-अँपच्या आत प्रत्येक इनपुट पिनपासून दोन्ही सप्लायकडे छोटे डायोड असतात. सगळ्याच चिपमध्ये ते सारखे नसतात, पण आजकालच्या बहुतेक सीमॉस ऑप-अँपमध्ये असतात. इनपुटचं व्होल्टेज सप्लायच्या वर किंवा शून्याच्या खाली साधारण अर्धा-पाऊण व्होल्ट गेलं की हे डायोड चालू होतात आणि जास्तीचा करंट सप्लायमध्ये ढकलतात. चिप मरते ती व्होल्टेज वाढलं म्हणून नव्हे, तर त्या बारीक डायोडमधून आणि पिनच्या पातळ धातूमधून झेपणार नाही इतका करंट गेला म्हणून.

त्यामुळे डेटाशीटमध्ये "absolute maximum" या मथळ्याखाली दोन गोष्टी शोधा: इनपुटचं व्होल्टेज सप्लायच्या किती पलीकडे चालतं, आणि इनपुट पिनमधून किती करंट चालतो. MCP6002 साठी पहिला आकडा दोन्ही बाजूंना १ व्होल्ट आहे आणि दुसरा २ मिलिअँपिअर. आपलं सगळं गणित या दुसऱ्या आकड्याभोवती फिरतं. काही चिपमध्ये तो ५ किंवा १० मिलिअँपिअर असतो, काहींमध्ये दिलेलाच नसतो. दिलेला नसेल तर १ मिलिअँपिअरच्या आत राहा.

रेझिस्टर: खरं काम तोच करतो

आपल्या बोर्डाला ५ व्होल्टचा सप्लाय आहे. दुकानात एलईडी पट्ट्यांचे आणि पंपांचे १२ आणि २४ व्होल्टचे अडॅप्टर पडलेले असतात, आणि घाईत कोणीतरी चुकीची वायर इनपुटला लावणारच. म्हणून मी चूक २४ व्होल्टपर्यंतची धरली, तीही दोन्ही दिशांनी. करंट निम्म्या मर्यादेत, म्हणजे १ मिलिअँपिअरवर ठेवायचा.

```
+24V: (24 - 5.6) / 1 mA = 18.4k
-24V: (24 - 0.6) / 1 mA = 23.4k
```

वरच्या बाजूला डायोड ५.६ व्होल्टला चालू होतो, खालच्या बाजूला उणे ०.६ ला. म्हणून उलटी वायर लागण्याची चूक जास्त जड आहे. नवखे लोक फक्त वरची बाजू मोजतात आणि २२ किलोओहम लावून मोकळे होतात. इथे किमान २७ किलोओहम हवा.

पण किमान एवढाच का लावायचा? रेझिस्टर जितका मोठा तितकी चिप सुरक्षित, मग मोठा लावायला अडचण काय, हा प्रश्न प्रत्येक सर्किटला वेगळा विचारावा लागतो. अडचणी तीन असतात. ऑप-अँपचा स्वतःचा इनपुट करंट या रेझिस्टरमधून जातो आणि तेवढी चूक येते. रेझिस्टर आणि इनपुटची कपॅसिटन्स मिळून वेगवान सिग्नल मंद होतात. १०० किलोओहम आणि १० पिकोफॅरड धरले तर मर्यादा साधारण १६० किलोहर्ट्झला येते. आणि रेझिस्टरचा स्वतःचा नॉइज असतो, जो मायक्रोफोनसारख्या कामात ऐकू येतो.

पीएच प्रोबला यातलं काहीच लागू पडत नाही. प्रोबच्या काचेचा स्वतःचा रेझिस्टन्स १०० मेगओहमच्या घरात असतो, कधी पन्नास, कधी काहीशे. त्यापुढे आपण १ मेगओहम जोडला तर एक टक्का वाढ. पाण्याचा पीएच सेकंदात हजार वेळा बदलत नाही, त्यामुळे वेगाचाही प्रश्न नाही. म्हणून मी ४७० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावले. २४ व्होल्टची चूक झाली तरी जेमतेम २५ मायक्रोअँपिअर वाहतो. एवढं चिपच्या आतले डायोड झोपेत सांभाळतात.

दोन रेझिस्टर का, एक १ मेगओहमचा का नाही? स्टॅटिकच्या झटक्यासाठी. माणसाच्या अंगावर साचलेली वीज मोजण्याचं एक ठरलेलं मॉडेल आहे: १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर १.५ किलोओहममधून रिकामा होतो. अंगावर ८ किलोव्होल्ट असतील तर रेझिस्टरविना पिनमध्ये पाच अँपिअरहून जास्त करंट घुसतो, साधारण दीडशे नॅनोसेकंदांसाठी का होईना. आपल्या ९४० किलोओहममधून तोच झटका साडेआठ मिलिअँपिअरवर येतो. पण हे तेव्हाच, जेव्हा ठिणगी रेझिस्टरमधून जाते. हवेत साधारण दर मिलिमीटरला ३ किलोव्होल्टला ठिणगी उडी मारते, आणि बोर्डाच्या पृष्ठभागावर त्याहून लवकर. मुंगीएवढा एसएमडी रेझिस्टर लावला तर ठिणगी त्याच्या डोक्यावरून पलीकडे जाते, आणि रेझिस्टर कितीचा होता याला काही अर्थ राहत नाही. पाव वॅटचे साधे लांबुळके रेझिस्टर, तेही दोन, बीएनसीच्या पिनला अगदी चिकटून बसवले की अंतर आपोआप मिळतं.

डायोड कुठे बसवायचे

एवढा मोठा रेझिस्टर असताना बाहेरचे डायोड लागतातच का? प्रामाणिक उत्तर असं की पीएच प्रोबसाठी बहुधा नाही. पण दुकानात दिवसभर हात लागणार आहेत, आणि साडेआठ मिलिअँपिअर हे डेटाशीटच्या २ पेक्षा जास्त आहेत. क्षणभराचा झटका चिप सोसते, पण वर्षभर रोज सोसायला लावायचा माझा जीव होत नाही. शिवाय ज्या सर्किटमध्ये मोठा रेझिस्टर चालत नाही तिथे बाहेरचे डायोड लागतातच, तेव्हा ते नीट शिकून घ्या.

```
BNC --[470k]--[470k]--+--[100k]-- pin 3
                      |
        D1: node (anode) -> +5V (cathode)
        D2: 0V   (anode) -> node (cathode)
```

क्रम महत्त्वाचा आहे. आधी मोठा रेझिस्टर, मग डायोडचा सांधा, मग दुसरा छोटा रेझिस्टर, मग पिन. डायोड सरळ बीएनसीच्या पिनवर लावले आणि रेझिस्टर त्यानंतर, असं मी तीन-चार जणांच्या बोर्डावर पाहिलं आहे. तसं केलं की २४ व्होल्टची वायर लागताच डायोड एकटा सगळा करंट घेतो, जळतो आणि बहुतेक वेळा शॉर्ट होऊन बसतो.

पिनजवळचा १०० किलोओहम कशाला? बाहेरचा डायोड चालू होताना त्याच्यावर ०.६ ते ०.७ व्होल्ट पडतात. आतला डायोडही तेवढ्यालाच चालू होतो. मध्ये काही नसेल तर दोघे करंट वाटून घेतात आणि कोणाच्या वाट्याला किती हे नशिबावर. मध्ये १०० किलोओहम ठेवला की फरक एका दशांश व्होल्टचा असला तरी आतल्या डायोडकडे १ मायक्रोअँपिअरच जातो. लोक यासाठी शॉट्की डायोड सुचवतात, कारण तो ०.३ व्होल्टलाच चालू होतो आणि आतल्याला हात लावू देत नाही. तो सल्ला बरोबर आहे, पण पीएच प्रोबसाठी घातक. का, ते पुढे येईल.

अजून एक गोष्ट लगेच सांगतो, कारण ती सुटून जाते. डायोड जास्तीचा करंट सप्लायमध्ये ढकलतो, पण सप्लायनं तो घ्यायला हवा ना! आपले साधे रेग्युलेटर करंट देतात, परत घेत नाहीत. समजा पीएचऐवजी दुसरं काही मोजायचं म्हणून तुम्ही १ किलोओहमच लावला. २४ व्होल्टच्या चुकीत १८ मिलिअँपिअर ५ व्होल्टच्या लाइनीत घुसतील. बोर्ड स्वतः अर्धा मिलिअँपिअरच खात असेल, तर उरलेला करंट लाइनीचं व्होल्टेज वर उचलतो. MCP6002 ची मर्यादा ७ व्होल्ट आहे. इनपुट वाचलं आणि चिप सप्लायच्या बाजूनं गेली, असा प्रकार होतो. अशा वेळी लाइनीवर ५.६ व्होल्टचा झेनर लावतात. आपल्या ९४० किलोओहमला त्याची गरज नाही.

गळतीचा हिशोब

डायोड उलट्या दिशेनं बंद असतो असं शाळेत शिकवतात. तो पूर्ण बंद कधीच नसतो, थोडा करंट झिरपत राहतो. 1N4148 ची डेटाशीट २५ अंशाला, २० व्होल्टला कमाल २५ नॅनोअँपिअर सांगते. अडीच व्होल्टला तो बराच कमी, एखाद-दोन नॅनोअँपिअर असतो. ऐकायला काहीच नाही. पण हा करंट येतो किंवा जातो तो प्रोबच्या काचेमधून:

```
1 nA x 100 Mohm = 100 mV
```

पीएचच्या एका अंकाला प्रोब २५ अंशाला सुमारे ५९ मिलिव्होल्ट देतो. म्हणजे एक नॅनोअँपिअर गळतीत जवळपास पावणेदोन अंकांची चूक. टाकीतलं पाणी ठणठणीत, आणि मीटर म्हणतं मासे मरायला टेकलेत.

तुम्ही म्हणाल, वरचा डायोड आत गळतो, खालचा बाहेर गळतो, दोन्ही सारखे, मग एकमेकांना कापतील. माझाही तोच तर्क होता. प्रोबची दुसरी बाजू मी २.५ व्होल्टला बांधली आहे, म्हणजे इनपुट सप्लायच्या मधोमध असतं आणि दोन्ही डायोडांवर सारखंच व्होल्टेज असतं. पण एकाच पट्टीतून कापलेले दोन 1N4148 सुद्धा गळतीच्या बाबतीत सख्खे भाऊ नसतात. फरक उरतो, आणि तो फरकच मीटरवर दिसतो. माझ्या बोर्डावर तो ०.६ नॅनोअँपिअरच्या आसपास होता. कसा मोजला ते पुढे.

मग बफर द्रावणात कॅलिब्रेट करून ती चूक वजा करता येणार नाही का? सकाळी येईल. सिलिकॉनच्या डायोडची गळती दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते. शिवाय काचेचा रेझिस्टन्स पाण्याच्या तापमानाबरोबर बदलतो. दुपारी पत्र्याखालच्या दुकानात बोर्ड तापला की सकाळी वजा केलेला आकडा खोटा पडतो. स्थिर चूक वजा करता येते, ही चूक हलती आहे.

आणि ट्यूबलाइटचं काय? 1N4148 पारदर्शक काचेत असतो. आतल्या सिलिकॉनवर उजेड पडला की तो छोटासा सोलर सेल होतो आणि गळती वाढते. ५० हर्ट्झच्या विजेवर चोक असलेली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणून आउटपुटवर १०० हर्ट्झचा हेलकावाही मिळतो. मी बरेच दिवस तो वायरिंगचा हम समजून शिल्डिंग बदलत बसलो होतो. हम ५० हर्ट्झचा असता. १०० दिसलं तेव्हाच उजेडावर संशय यायला हवा होता.

आता शॉट्की. BAT54 ची कमाल गळती २५ व्होल्टला २ मायक्रोअँपिअर. कमी व्होल्टेजला कमी असली तरी ती आपल्या नॅनोअँपिअरच्या कितीतरी वर राहते. १०० मेगओहमच्या पुढे असा डायोड म्हणजे नळाखाली तळ नसलेली बादली. लॅमिंग्टन रोडवर मी "इनपुट प्रोटेक्शनला डायोड" असं मागितलं तेव्हा काउंटरवरून हाच पुढे आला होता. दुकानदाराची चूक नाही, मी माझा सोर्स किती मेगओहमचा हे सांगितलंच नव्हतं.

उलट, तुम्ही बॅटरीचं व्होल्टेज १० किलोओहमच्या डिव्हायडरमधून मोजत असाल, तर 1N4148 चे पूर्ण २५ नॅनोअँपिअर धरूनही चूक पाव मिलिव्होल्ट येते. तिथे हा सगळा लेख विसरा आणि साधा स्वस्त डायोड बिनधास्त लावा. गळती वाईट की चालेल हे डायोड ठरवत नाही, समोरचा सोर्स ठरवतो.

मग कोणता डायोड

या कामासाठी BAV199 नावाची जोडी मिळते. काळ्या प्लास्टिकमध्ये, तीन पायांची, दोन डायोड आतच एकापुढे एक जोडलेले. मधला सांधा आपल्या इनपुटला, दोन टोकं दोन सप्लायला. नेहमीची गळती काही पिकोअँपिअर, म्हणजे नॅनोच्याही हजाराव्या भागात. १०० मेगओहमवर ३ पिकोअँपिअर म्हणजे ०.३ मिलिव्होल्ट. पीएचमध्ये ते दिसतही नाही. मात्र डेटाशीटमध्ये कमाल आकडा ५ नॅनोअँपिअर आहे, तोही ७५ व्होल्टला. पिकोअँपिअर मोजायला वेळ लागतो आणि कारखान्यात प्रत्येक नगावर तो वेळ घालवत नाहीत, म्हणून हमी सैल ठेवतात. तेव्हा नेहमीच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा असेल तर आपला नग आपण मोजायचा.

BAV199 हातानं सोल्डर करणं नवख्याला जड जातं. त्याला घरगुती पर्याय BC547. या ट्रान्झिस्टरचा बेस आणि कलेक्टर यांच्यामधला सांधा हा चांगला कमी गळतीचा डायोड आहे. बेस म्हणजे अॅनोड, कलेक्टर म्हणजे कॅथोड, एमिटरचा पाय कापून टाकायचा. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. वरच्या डायोडसाठी बेस इनपुटच्या सांध्याला आणि कलेक्टर ५ व्होल्टला. खालच्यासाठी बेस शून्याला आणि कलेक्टर इनपुटच्या त्याच सांध्याला. काळं प्लास्टिक असल्यानं उजेडाचा प्रश्न मिटतो. बेस आणि एमिटरचा सांधा मात्र वापरू नका, तो उलट्या दिशेनं कमी व्होल्टेजला फुटतो. मावसभावाच्या बोर्डावर आज BC547 चीच जोडी आहे.

मोजून बघा: शंभर मेगओहमची काठी

पिकोअँपिअर मोजायला महागडं मीटर लागत नाही. १० मेगओहमचे दहा रेझिस्टर एकापुढे एक सोल्डर करा. ही झाली १०० मेगओहमची काठी, म्हणजे खोटा प्रोब.

पहिल्यांदा बीएनसीची मधली पिन आणि तिचं कवच एका तारेनं शॉर्ट करा आणि ऑप-अँपच्या आउटपुटचं व्होल्टेज लिहून ठेवा. मग तार काढून तिथे काठी लावा, डब्याचं झाकण बंद करा, मिनिटभर थांबा आणि पुन्हा आउटपुट वाचा. दोन आकड्यांतला फरक भागिले १०० मेगओहम म्हणजे इनपुटवरची एकूण गळती. हिशोब सोपा: १ मिलिव्होल्टला १० पिकोअँपिअर.

माझ्या 1N4148 च्या बोर्डावर शॉर्ट असताना २.५०१ व्होल्ट आले आणि काठीसह २.४३७. चौसष्ट मिलिव्होल्ट, म्हणजे ०.६४ नॅनोअँपिअर, म्हणजे पीएचचा एक अंक आणि वर थोडं. दुकानात दिसलेली चूक हीच. झाकण उघडून मोबाइलची टॉर्च डायोडवर मारली तर आकडा पळाला. हेअर ड्रायरनं ऊब दिली तेव्हाही पळाला, पण सावकाश. BC547 लावल्यावर फरक एक मिलिव्होल्टच्या आत आला आणि टॉर्चला त्यानं दादच दिली नाही.

मल्टिमीटर मात्र चुकूनही सरळ इनपुटला लावू नका. मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण १० मेगओहम असतो. १०० मेगओहमच्या सोर्सपुढे तो लावला की सिग्नलचा अकरावा हिस्साच उरतो, आणि तुम्ही नसलेला बिघाड शोधत बसता. नेहमी ऑप-अँपच्या आउटपुटला मोजा.

जुलैमध्ये पुन्हा मोजा

एवढं करून बोर्ड मेपर्यंत छान चालला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आकडा पुन्हा सरकायला लागला. डायोड तेच, चिप तीच. काठी लावली तर २० मिलिव्होल्टहून जास्त फरक. या वेळी गळत होता तो बोर्ड.

MCP6002 मध्ये इनपुटची पिन ३ आहे आणि तिला लागूनच पिन ४ म्हणजे शून्य व्होल्ट. दोघींमध्ये अडीच व्होल्टचा फरक आणि अडीच मिलिमीटरचं अंतर. त्या अंतरात फ्लक्सचा चिकट थर राहिला असेल आणि त्यावर पावसाळ्याची दमट हवा बसली, की १० गिगओहमचा एक न दिसणारा रेझिस्टर तयार होतो. त्यातून पाव नॅनोअँपिअर जातो, म्हणजे काचेवर २५ मिलिव्होल्ट. बोटांचे ठसेही हेच करतात.

उपाय कंटाळवाणा आहे: आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, दोनदा धुणं, कोमट हवेत पूर्ण वाळवणं. धुऊन नीट न वाळवलेला बोर्ड न धुतलेल्यापेक्षा वाईट वागतो, कारण फ्लक्स पातळ होऊन सगळीकडे पसरलेला असतो. त्याहून पक्कं हवं असेल तर पिन ३ बोर्डात घालूच नका. ती आडवी वर वाकवा आणि १०० किलोओहमचं टोक, डायोडचा सांधा, सगळं हवेत सोल्डर करा. दिसायला कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं, पण हवेसारखा इन्सुलेटर नाही. मी तसंच केलं. पीसीबी नव्यानं करत असाल तर इनपुटच्या भोवती तांब्याचं एक कडं आखा आणि ते याच ऑप-अँपच्या आउटपुटला जोडा. कड्याचं आणि इनपुटचं व्होल्टेज सारखं राहतं, त्यामुळे दोघांत करंट वाहायला कारणच उरत नाही.

हे कुंपण कशासाठी नाही

टाकीतला हीटर तडकला तर २३० व्होल्ट पाण्यात येतात. आपले रेझिस्टर प्रोबच्या मधल्या तारेवर आहेत. प्रोबची दुसरी बाजू, रेफरन्स, पाण्याशी कमी रेझिस्टन्सनं जोडलेली असते आणि बीएनसीच्या कवचातून बोर्डावर येते. बोर्ड लॅपटॉपच्या यूएसबीला जोडलेला असेल तर मेन्सला तिथून जमिनीकडे वाट मिळते. कवच आणि २.५ व्होल्टचा बफर यांच्यामध्ये मी १ किलोओहम ठेवला आहे, पण तो स्टॅटिकच्या झटक्यापुरता. मेन्ससाठी टाकीच्या लाइनीवर ईएलसीबी हवा आणि बोर्ड बॅटरीवर किंवा आयसोलेटेड सप्लायवर हवा. चिप वाचवणारा रेझिस्टर पाण्यात हात घालणाऱ्या माणसाला वाचवत नाही. हीटरचा प्लग काढल्याशिवाय टाकीत हात नको, हे मी मावसभावाला बजावून ठेवलं आहे.

अर्धमेली चिप

शेवटी त्या पहिल्या चिपबद्दल, जिला फेब्रुवारीत झटका बसला होता. ती मी टाकून देण्याआधी काठीवर लावली. इनपुट शॉर्ट असताना आउटपुट २.५० व्होल्ट, अगदी बरोबर. साध्या पोटेन्शिओमीटरनं व्होल्टेज दिलं तरी बरोबर पाठलाग करायची. काठी लावली की ३.९ व्होल्ट. म्हणजे इनपुटमधून १४ नॅनोअँपिअर, जिथे या चिपचा नेहमीचा आकडा एका पिकोअँपिअरच्या आसपास असतो. स्टॅटिकचा मार बहुतेकदा असाच लागतो. चिप धूर सोडत नाही, फक्त इनपुट गळकं होतं, आणि कमी रेझिस्टन्सच्या सोर्सवर तपासलं तर पास होते. म्हणून प्रोब विचित्र वागला की आधी प्रोब बदलायला धावू नका, तो चिपच्या कितीतरी पट महाग असतो. काठी लावा. काठीवर बोर्ड बरोबर असेल तर दोष प्रोबचा. काठीवरही फरक असेल तर डायोडचे सांध्याकडचे पाय उचलून पुन्हा मोजा. फरक गेला तर डायोड, राहिला तर बोर्ड धुऊन पुन्हा मोजा, आणि तरीही राहिला तर चिप.

त्या चिपवर मी लाल मार्करनं ठिपका दिला आहे. टाकीतल्या पाण्याची पातळी खाली गेली की एलईडी लावायचं काम ती करते. तिथे सोर्स १० किलोओहमचा आहे, १४ नॅनोअँपिअरचं तिथे कोणाला काही पडलेलं नाही.